ताबा मिळाला, पण घर अजून वाळतंय



ताब्याच्या तारखा ठरल्या तसे तुमचे फोन सुरू झाले आणि प्रत्येक फोनवर प्रश्न एकच: सुतार कधी पाठवता? दिवाळीच्या पाडव्याला घरात जायचं, त्याआधी वॉर्डरोब उभे राहायला हवेत, किचनच्या ट्रॉल्या बसायला हव्यात, पलंगामागचं पॅनेल लागायला हवं. मी तुम्हाला थोडं थांबायला सांगते आहे. मात्र नुसतं "थांबा" म्हटलं तर ते टाळाटाळ वाटेल, म्हणून ही मेल सविस्तर लिहिते आहे. तुमच्या कोऱ्या फ्लॅटच्या भिंतींत आणि फरशीखाली आत्ता जे चाललंय, ते मला अजूनही थक्क करतं. ते एकदा समजलं की थांबणं जड जाणार नाही.

तुम्ही बहुतेक जण माझ्यासारखेच तेरखेड्याचे. काहींच्या घरी दोन-दोन पिढ्या शोभेच्या दारूचं काम चालत आलंय. सादळलेला माल काय करतो हे तुम्हाला मी सांगायला नको. वरून कोरा दिसणारा फटाका आतून ओला असू शकतो आणि ते कळतं वात पेटवल्यावरच. नव्या फ्लॅटचंही असंच आहे. भिंत हाताला कोरडी लागते, रंग गुळगुळीत दिसतो, फरशी चकाकते. पण ते घर अजून वाळत असतं.

त्यात पाणी किती असतं, ते मोजून पाहू. पुण्यात वाघोलीला गावच्याच एका कुटुंबाने फ्लॅट घेतला. कार्पेट एरिया 650 चौरस फूट, दोन बेडरूम. त्याचाच हिशेब करते. भिंतींना आतून जिप्सम प्लास्टर होतं, साधारण अर्धा इंच जाड, सगळं मिळून 1800 चौरस फूट. 25 किलोची एक गोणी वीस-एकवीस चौरस फुटांना पुरते. म्हणजे पंचाऐंशी गोण्या, दोन टनांहून थोडं जास्त. गवंडी ते कालवतो तेव्हा शंभर किलोला साठ लिटरच्या आसपास पाणी घालतो. एकूण पाणी गेलं सुमारे 1275 लिटर.

यातलं सगळं पाणी उडून जात नाही. जिप्समची पावडर म्हणजे भाजून पाणी काढून टाकलेला दगड. पाणी मिळालं की ती गेलेलं पाणी परत धरते आणि पुन्हा दगड होते. शंभर किलो पावडर साडेअठरा लिटर पाणी आपल्या स्फटिकात कायमचं बांधून घेते. म्हणजे त्या फ्लॅटच्या भिंतींत जवळपास 390 लिटर पाणी दगड होऊन बसलंय. ते ओल नाही आणि कधी ओघळणारही नाही. पण उद्या घरात आग लागली तर हेच पाणी कामाला येतं. भिंत तापली की स्फटिक फुटतात, पाणी वाफ होऊन निघतं, आणि ते पूर्ण निघेपर्यंत प्लास्टरचं तापमान शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही. आगीपासून बचावासाठी जिप्समचे बोर्ड लावतात ते यामुळेच. दारूच्या कारखान्यांच्या गावात वाढलेल्या मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली, तेव्हा मी भिंतीवर हात ठेवून बघत राहिले होते.

तर 390 लिटर राहिलं. उरलेलं 880 लिटर केवळ कालवणं सोपं जावं म्हणून घातलेलं होतं. ते हवेत जायलाच हवं.

आता फरशी. टाइलखाली सिमेंट-वाळूचा दोन इंचाचा थर असतो, गवंडी त्याला बेड म्हणतात. 650 चौरस फुटांना तो सुमारे तीन घनमीटर होतो आणि त्यात सहाशेएक लिटर पाणी पडतं. सिमेंटची गंमत अशी की ते वाळून घट्ट होत नाही. ते पाण्याशी संयोग करून घट्ट होतं, म्हणून काँक्रीट पाण्याखालीसुद्धा कडक होतं आणि म्हणूनच नव्या स्लॅबवर आपण आळी करून पाणी साठवतो. शंभर किलो सिमेंट साधारण पंचवीस लिटर पाणी कायमचं बांधून घेतं. बेडमधल्या पाण्यातून तेवढं वजा केलं तरी चारशे लिटरच्या वर पाणी मोकळं राहतं. शिवाय स्लॅब आहेच. पाच इंची स्लॅबच्या एवढ्या भागातून आणखी तीन-चारशे लिटर बाहेर पडायचं असतं, पण तो सगळ्यात आधी ओतलेला असतो आणि ताबा मिळेपर्यंत त्यातलं बरंच गेलेलं असतं.

बेरीज केली तर गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी दीड वेळा भरेल इतकं पाणी एका मध्यम फ्लॅटमधून हवेत जायचं असतं. नळातून नाही, मोरीतून नाही. वाफ होऊन, खिडकीतून.

हवा हे पाणी कशी नेते, हा मला सगळ्यात विलक्षण वाटणारा भाग. हवेची पाणी धरण्याची कुवत तापमानावर ठरते. 25 अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त 23 ग्रॅम बाष्प धरते, 37 अंशांना 44 ग्रॅम. त्या फ्लॅटमध्ये साधारण 170 घनमीटर हवा मावते. मे महिन्यातली पुण्याची दुपार घ्या: तापमान 37, आर्द्रता 22 टक्क्यांच्या आसपास. ही हवा घरात शिरली तर आणखी जवळपास सहा लिटर पाणी उचलू शकते. आता जुलै घ्या: 25 अंश, आर्द्रता 88 टक्के. तेवढ्याच हवेत जागा उरते जेमतेम अर्ध्या लिटरची. म्हणजे मे महिन्यात घरातली हवा एकदा बदलून जे काम होतं, त्याला जुलैत बारा वेळा हवा बदलावी लागते. आणि खिडक्या बंद असतील तर? हवा भरते आणि वाळणं तिथंच थांबतं. भिंत ओली ती ओलीच. कुलूप लावून ठेवलेला फ्लॅट वाळत नाही. ताबा मिळाल्यावर धूळ आत येऊ नये म्हणून सगळ्या खिडक्या लावून गावी निघून जाणं ही मी पाहिलेली सर्वांत सामान्य गोष्ट आहे आणि सर्वांत महागात पडणारीही.

हिशेब इथं अडतो तो दिवाळीमुळे. बिल्डरला दिवाळीपूर्वी ताबे द्यायचे असतात, म्हणून शेवटची ओली कामं, फरशीचा बेड, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, लांबी, नेमकी जुलै-ऑगस्टमध्ये होतात. वर्षातल्या ज्या महिन्यांत हवा पाणी उचलत नाही, त्याच महिन्यांत घरात सर्वाधिक पाणी ओतलं जातं. त्यात रेराच्या कायद्याने भोगवटा प्रमाणपत्र आल्यापासून दोन महिन्यांत ताबा घेणं खरेदीदारावर बंधनकारक आहे, त्यामुळे ताबा पुढे ढकलणं हा मार्ग नाही. तो घ्यावाच. फर्निचर मात्र कायद्याने सांगितलेलं नाही.

आपल्या गावातल्या जुन्या माळवदाच्या घरांत हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटलेला होता. दगड-मातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर पांढरीचा जाड थर. पावसाळ्यात माती हवेतलं बाष्प शोषायची, उन्हाळ्यात सोडून द्यायची. ओल यायची आणि जायची, तिला अडवणारा लेप कुठंच नव्हता. ती घरं चांगली आणि ही वाईट असं मी म्हणत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्या जड माळवदांखाली हजारो माणसं गेली, आणि आपल्या जिल्ह्यात कुणालाही तो इतिहास सांगावा लागत नाही. सिमेंटकडे वळणं बरोबरच होतं. पण सिमेंटच्या घरात आपण सगळे पृष्ठभाग मिटवून टाकतो. व्हिट्रीफाइड टाइल स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही, म्हणजे तिच्यातून वाफ जवळजवळ जातच नाही. दोन फुटी टाइल दोन मिलिमीटरच्या सांध्याने बसवल्या तर सगळ्या सांध्यांचं क्षेत्रफळ भरतं जेमतेम पाऊण टक्का. फरशीखालच्या चारशे लिटरना वर यायला वाट आहे ती एवढीच, आणि कडेची, जिथं स्कर्टिंग भिंतीला टेकतं. म्हणून नव्या घरात ओल पहिल्यांदा दिसते ती स्कर्टिंगच्या वर, जमिनीपासून चार-सहा बोटांवर.

आता समजा याच वेळी सुतार आला. भिंतीला चिकटवून प्लायचा वॉर्डरोब उभा राहिला, पाठ बंद, वरती लॉफ्ट, खाली स्कर्टिंगपर्यंत पट्टी. त्या भिंतीचं वाळणं संपलं. भिंत आणि पाठ यांच्यातली हवा हलत नाही, आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाऊन तिथंच राहते आणि एवढ्यावर बुरशीला काही आठवडे पुरतात. तिला खायला धूळ, डिंक आणि लाकूड असतंच. तुम्हाला ते दिसत नाही. कपड्यांना वास येऊ लागतो, तेव्हा कळतं. "पण आम्ही मरीन प्लाय घेतलाय," असं मला दर वेळी ऐकवलं जातं. मरीन प्लायमधला डिंक उकळत्या पाण्यातही सुटत नाही, हे खरं आहे. पण डिंक टिकतो म्हणून बुरशी अडत नाही, आणि लाकूड फुगायचं तेवढं फुगतंच. ऐंशी-नव्वद टक्के आर्द्रतेत लाकडात वजनाच्या सोळा ते वीस टक्के पाणी असतं, कोरड्या हवेत ते आठावर येतं. सहा इंच रुंदीची सागवानी फळी एवढ्या फरकाने तीनेक मिलिमीटर आकसते. ऑक्टोबरात घट्ट बसवलेल्या दाराच्या चौकटीत फेब्रुवारीत फट दिसते ती यामुळे, आणि दोष सुताराला मिळतो.

वाघोलीच्या त्या कुटुंबाला ताबा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मिळाला. बेड ऑगस्टमधला. पाडव्याचा मुहूर्त धरायचाच होता. आजी तेरखेड्याहून त्यासाठी येणार होत्या. मी म्हटलं, मुहूर्त धरा. वास्तुशांत करा, दूध उतू घालवा, रात्री सगळे तिथंच झोपा. पण गाद्या, स्टीलची भांडी आणि एक गॅस एवढंच न्या, भिंतीला काहीही टेकवू नका.

त्याच दिवशी आम्ही दोन साध्या चाचण्या लावल्या. पहिली प्लास्टिकची. दीड फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिक भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद लावायचं आणि निदान सोळा तास हात लावायचा नाही. नंतर आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा भिंत काळपट झाली, तर ओल भिंतीतून येते आहे. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर ते खोलीतल्या दमट हवेचे, भिंतीचा त्यात दोष नाही. चाचणी स्वस्त आहे पण तिची मर्यादा लक्षात ठेवा: थेंब आले तर ओल नक्की, न आले म्हणजे भिंत कोरडीच असं नाही. थंड रात्री भिंतीच्या आत पाणी असूनही ती गप्प बसते.

म्हणून दुसरी चाचणी. छोटं डिजिटल हायग्रोमीटर घेतलं, ते आत दिसेल अशा पारदर्शक डब्यात ठेवलं आणि डब्याचं तोंड भिंतीला लावून कडा टेपने बंद केल्या. डब्यातली हवा आणि भिंतीतली हवा हळूहळू एकसारख्या होतात. भिंतीवर आधीच रंग असल्यामुळे आम्ही तीन दिवस थांबून आकडा घेतला. हॉलच्या मधल्या भिंतीवर 78 टक्के आला. मोठ्या बेडरूममध्ये, जिथं वॉर्डरोब येणार होता आणि पलीकडे बाथरूम होतं, तिथं 92.

एका आकड्यावरून काही ठरत नाही. तो खाली येतोय का, हे पाहायचं असतं. दिवाळीनंतर पुण्याची हवा कोरडी होते, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा भिंतींचा खरा वाळवणाचा काळ. त्या घरात समोरासमोरच्या खिडक्या सकाळी दहा ते संध्याकाळी पाच उघड्या राहिल्या आणि पंखे चालू राहिले. पंखा पाणी काढत नाही, तो फक्त भिंतीलगतची भरलेली हवा बाजूला सारतो, म्हणून खिडकी बंद ठेवून पंखा लावण्यात अर्थ नाही. रात्री खिडक्या बंद, कारण रात्री बाहेरची हवा जास्त दमट असते. हीटर मी लावू देत नाही. वरचा थर घाईने आकसतो आणि प्लास्टरला केसासारख्या भेगा जातात.

नोव्हेंबरअखेर हॉलची भिंत 66 वर आली, डिसेंबरात 57 वर. पहिल्या पंधरवड्यात आकडा झपाट्याने उतरला आणि मग मंदावला. तसंच व्हायला हवं. आधी पृष्ठभागावरचं पाणी जातं, मग खोलवरचं पाणी वाफ होऊन छिद्रांमधून वाट काढत येतं, आणि त्याला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. दुप्पट जाड थर वाळायला दुप्पट नाही, चौपट वेळ घेतो. अर्धा इंच प्लास्टर काही आठवड्यांत मोकळं होतं आणि दोन इंची बेड महिनोन्महिने का रेंगाळतो, ते यातून उलगडतं.

बाथरूमलगतची भिंत मात्र 92 वरून 89 वर आली आणि डिसेंबरात पुन्हा 91. स्कर्टिंगच्या वर रंगाला बारीक फुगे आले होते, एका कोपऱ्यात पांढरा लोणा. लोणा म्हणजे सिमेंटमधले आणि विटांमधले क्षार. पाणी त्यांना पृष्ठभागापर्यंत वाहून आणतं, स्वतः उडून जातं आणि त्यांना मागे ठेवतं. तो दिसला की समजायचं, इथून पाणी सतत प्रवास करतंय. बांधकामाचं पाणी सगळीकडून सारखं आणि सतत कमी होत जातं. गळतीच्या पाण्याला आकार असतो, एक कोपरा असतो, आणि वापर वाढला की ते वाढतं. तिथं पाहुणे येऊन गेल्यानंतर आकडा चढला होता.

मग बाथरूमची पाँडिंग टेस्ट केली. न्हाणी ट्रॅपचं तोंड बंद करून उंबऱ्याच्या खालपर्यंत पाणी भरलं, पातळीवर पेन्सिलीने खूण केली आणि अठ्ठेचाळीस तास ठेवलं. खालच्या मजल्यावरच्या मंडळींना आधी सांगून त्यांच्या बाथरूमच्या छताचा फोटो घेतला होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या छतावर ट्रॅपच्या पाइपाभोवती ओला वर्तुळाकार डाग उमटला. ट्रॅप आणि स्लॅब यांच्यातला सांधा नीट भरलेला नव्हता. तिथून निघालेलं पाणी थोडं खाली आणि थोडं बेडमधून आडवं बेडरूमच्या भिंतीकडे जात होतं. वॉर्डरोब उभा असता तर हे कळायला पुढचा पावसाळा उजाडला असता, आणि तेव्हा सगळ्यांनी पावसालाच जबाबदार धरलं असतं.

इथं ताब्याच्या कागदांचा उपयोग झाला. रेरा कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या कामगिरीतला किंवा दर्जातला दोष लेखी कळवला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. कुटुंबाने तारखेसकट फोटो आणि आकड्यांचा तक्ता मेलने पाठवला. बाथरूममध्ये तोवर आपल्या कुणाचाही हातोडा लागलेला नव्हता, त्यामुळे "तुमच्या इंटिरियरवाल्याने फोडलं असेल" हे उत्तर देता आलं नाही. ट्रॅप काढून पुन्हा बसवला गेला, ती पाँडिंग टेस्ट पुन्हा झाली, आणि फेब्रुवारीच्या शेवटी भिंत 63 वर आल्यावर आम्ही सुताराला बोलावलं. वॉर्डरोब भिंतीपासून दीड इंच पुढे उभा केला, खाली आणि वर हवा जाईल अशी जाळी ठेवली. गुढीपाडव्याला कपडे आत गेले.

तुमच्याकडेही मी भिंत सत्तरच्या खाली येऊन सलग दोन-तीन आठवडे तिथं टिकेपर्यंत तिला काही चिकटवणार नाही. सत्तर ही माझी मर्यादा आहे, बुरशीच्या ऐंशीपासून थोडी ऐसपैस अंतरावर. मधल्या काळात रिकामं बसायचं नाही. मोजमापं, ड्रॉइंग, लॅमिनेटची निवड, विजेच्या पॉइंटची आखणी, बाल्कनीची जाळी, पडद्यांचे रॉड, हे सगळं ओल्या घरातही होतं. किचनचा ओटा दगडाचा असेल तर तोही होतो. ट्रॉल्या मात्र नंतर. आणि कुणी "डॅम्पप्रूफ" रंगाचे दोन हात आत्ताच मारून देतो म्हणाला तर नको म्हणा. तो लेप पाणी कोंडून ठेवतो आणि पुढे पोपड्यांसकट निघतो.

ताब्याच्या दिवशी मी हायग्रोमीटर, टेप आणि प्लास्टिक घेऊन येते. तुम्ही येताना दोन गोष्टी आणा: भोगवटा प्रमाणपत्राची प्रत आणि वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाचा फोन नंबर. त्यांच्या बाथरूमची पाँडिंग टेस्टही त्याच आठवड्यात करून घ्यायची आहे, कारण त्यांच्या सांध्यातून गळणारं पाणी तुमच्या छतात उतरतं. खिडक्यांच्या किल्ल्या कुणा नातेवाइकाकडे राहणार असतील तर त्यांना सकाळी दहा आणि संध्याकाळी पाच या वेळा आत्ताच सांगून ठेवा. ज्यांचे सहाव्या मजल्याच्या वरचे फ्लॅट आहेत त्यांना वाऱ्याने दारं आपटू नयेत म्हणून प्रत्येक दाराला स्टॉपर लावून घ्यायला सुतार नको, ते मी पहिल्याच दिवशी लावून देईन.